नाव जुळत नाही, की फोटो वाचताच आला नाही? ओळखपत्रं नाकारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन खातं उघडताना ओळखपत्राची पडताळणी करणाऱ्या सर्व संघांना,

नमस्कार.

खातं उघडायला आलेला माणूस नाव भरतो, जन्मतारीख भरतो, पासपोर्टाचा फोटो चढवतो आणि थोड्या वेळाने त्याला उत्तर मिळतं: ‘आपलं ओळखपत्र स्वीकारता आलं नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ नेमकं काय पुन्हा करायचं, हे त्यात नसतं. फोटो पुन्हा काढायचा, नाव वेगळं लिहायचं, की दुसरंच ओळखपत्र आणायचं? नाकारलेल्या अर्जांची फेरतपासणी हे बरीच वर्षं माझं काम होतं. त्या एका वाक्यामागे किती वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात हे मी रोज पाहत होतो, आणि समोरच्या माणसाला त्यातली एकही कळवली जात नाही याचा मला मनापासून त्रास व्हायचा. म्हणून हे पत्र.

ओळखपत्राला तुमच्याकडे तीन दारं ओलांडावी लागतात. आधी फोटो वाचण्याजोगा आहे का हे पाहिलं जातं. मग त्यातली अक्षरं वाचली जातात. शेवटी वाचलेलं नाव आणि अर्जात भरलेलं नाव यांची तुलना होते. तिन्ही दारांवर उपाय वेगळा आहे. पहिल्या दाराशी अडलेल्याने फोटो पुन्हा काढावा, तिसऱ्या दाराशी अडलेल्याने अर्जातलं नाव पाहावं. पण मधलं दार फसवं आहे. तिथे झालेली चूक पुढे जाते आणि तिसऱ्या दारावर ‘नाव जुळत नाही’ असं रूप घेऊन उभी राहते. हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण पडताळणीचं काम करणाऱ्या अनेकांनाही ते ठाऊक नसतं.

पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. त्या यंत्राने वाचण्यासाठी असतात. त्यांची रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजाने ठरवून दिली आहे. त्याच दस्तऐवजात ‘युटोपिया’ या काल्पनिक देशाच्या पासपोर्टाचा नमुना दिलेला आहे. तोच इथे घेतो:

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

वरच्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव, मग `<<` अशी दुहेरी खूण, मग स्वतःची नावं. दोन नावांच्या मध्ये एकेरी `<`, आणि उरलेली जागा त्याच खुणेने भरलेली. खालच्या ओळीत पासपोर्टाचा क्रमांक, देश, जन्मतारीख, लिंग, मुदत संपण्याची तारीख आणि वैयक्तिक क्रमांकासाठी राखलेली जागा.

आता खालच्या ओळीतली जन्मतारीख पाहा: `740812`, आणि तिच्यामागे लगेच `2`. हा २ म्हणजे तपासअंक. तारखेच्या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ४९, १२, ०, ५६, ३ आणि २ मिळून १२२. शेवटचा अंक २, म्हणजे तारीख बरोबर वाचली गेली. समजा, प्रकाशाच्या ठिपक्यामुळे यंत्राने ८ चा ३ वाचला. मग ५६ च्या जागी २१ येतात, बेरीज ८७ होते, शेवटचा अंक ७ येतो, आणि आपण चुकीचं वाचलं हे यंत्राला लगेच कळतं. पासपोर्ट क्रमांकाला असाच तपासअंक आहे, मुदतीच्या तारखेला आहे, आणि ओळीच्या शेवटी या सगळ्यांचा मिळून आणखी एक आहे.

नावाला मात्र एकही नाही. वरच्या संपूर्ण ओळीत तपासअंक नाही, आणि खालच्या ओळीतला शेवटचा एकत्रित अंकही वरच्या ओळीला स्पर्श करत नाही. त्यामुळे नाव चुकीचं वाचलं गेलं, तर ते चुकलं हे ओळखायला त्या दोन ओळींत काहीच साधन नसतं.

आता याच पासपोर्टाचा फोटो डोक्यावर दिवा असलेल्या खोलीत काढला, आणि दिव्याची चकाकी नेमकी आडनाव संपतं तिथे पडली असं धरू. `<` ही खूण अंधूक झाली की अक्षरं वाचणारी यंत्रणा तिला अनेकदा `K` किंवा `C` समजते. हा जुना, ओळखीचा घोटाळा आहे. मग वाचलेली ओळ अशी होते:

```
P<UTOERIKSSON<KANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

लांबी ४४ च आहे. खालची ओळ स्वच्छ वाचली गेली आहे, सगळे तपासअंक बरोबर. यंत्रणेच्या मते वाचन उत्तम झालं. पण `<<` ही दुहेरी खूण नाहीशी झाल्याने आडनाव कुठे संपतं हे कळायला मार्ग उरला नाही. म्हणून `ERIKSSON KANNA MARIA` हे सगळंच आडनाव ठरलं आणि स्वतःचं नाव रिकामं राहिलं. अर्जात त्या बाईंनी आडनावाच्या रकान्यात `Eriksson` आणि नावाच्या रकान्यात `Anna Maria` असं अगदी बिनचूक भरलेलं आहे. तुलना फसते. निर्णय येतो: नाव जुळत नाही.

पुढे काय होतं ते मी नाकारलेल्या अर्जांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो आणि स्वतःचं बरोबर नाव बदलायला लागतो. मधलं नाव काढून टाकतो. नाव आणि आडनाव यांची अदलाबदल करतो. सगळं मोठ्या अक्षरांत लिहितो. फोटो मात्र तोच चढवतो, कारण फोटोबद्दल त्याला कोणी काही बोललेलंच नसतं. प्रत्येक फेरीत अर्ज आणखी बिघडतो. ठरलेल्या फेऱ्या संपल्या की खातं उघडण्याची वाट काही काळ बंद होते. आणि एकाच ओळखपत्रावर बदलत्या नावांनी आलेले अर्ज हे लबाडीचं लक्षण मानलं जात असल्यामुळे तो माणूस आता संशयितांच्या रांगेत जाऊन बसतो. त्याचा दोष एवढाच, की त्याच्या डोक्यावर दिवा होता.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. तळाच्या ओळींतून वाचलेलं नाव आणि पानावर वर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव, दोन्ही वाचा आणि आधी त्यांची आपसांत तुलना करा. अर्जातल्या नावाकडे त्यानंतर वळा. कागदावरची दोन नावंच एकमेकांशी पटत नसतील आणि फरक `<` च्या जागी आलेल्या एखाद्या अक्षराचा असेल, तर तो निकाल ‘वाचता आलं नाही’ या खात्यात टाका, ‘जुळत नाही’ या खात्यात नाही. या एका बदलाने माणूस योग्य वस्तू दुरुस्त करायला लागेल.

फोटोबद्दल तुम्ही ज्या सूचना देता, त्या बहुधा ‘स्पष्ट फोटो काढा’ इथेच थांबतात. फोटो काढणाऱ्याला तो स्पष्टच वाटत असतो, कारण तो फोनच्या पडद्यावर पूर्ण पान पाहतो आणि चेहरा नीट दिसतो आहे याची खात्री करतो. यंत्राला चेहऱ्याइतकीच तळाच्या बारीक अक्षरांची गरज असते. छापील मजकूर वाचण्यासाठी इंचाला सुमारे ३०० बिंदू हे प्रमाण सर्रास धरलं जातं. पासपोर्टाचं पान १२५ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळपास पाच इंच असतं. तेव्हा फोटोत त्या पानाची रुंदी साधारण १,५०० बिंदूंची हवी. चार हजार बिंदू रुंदीच्या फोटोत पासपोर्ट मधोमध, चौथाई रुंदी व्यापून पडला असेल आणि बाकी सगळं टेबलच असेल, तर त्याच्या वाट्याला हजारच बिंदू येतात, इंचाला जेमतेम २००. कॅमेरा कितीही चांगला असला तरी. उलट टोकाला जाऊन फोन अगदी जवळ नेला, तर भिंग तितक्या जवळच्या वस्तूवर स्थिरावत नाही आणि कडा धूसर होतात. पान चौकटीत जवळपास मावेल, चारही कोपरे दिसतील, पण भोवती थोडी मोकळी जागा राहील इतकं अंतर योग्य.

चकाकीचा उपाय साधा आहे, तरी तो क्वचितच कुठे लिहिलेला दिसतो. फ्लॅश बंद ठेवायचा. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्यायचा, वरून नाही. फोन पानावर थोडा हलवून पाहायचा: चकाकीचा पट्टा आपल्याबरोबर सरकतो, तेव्हा तो अक्षरांवरून बाहेर जाईल अशी जागा सापडते. रंगीत सुरक्षाचिन्हं उजेडात चमकणारच, पण ती चमक अक्षरांवर किंवा चेहऱ्यावर नको. पांढरं ओळखपत्र पांढऱ्या कागदावर ठेवलं तर यंत्राला कडा सापडत नाहीत, म्हणून खाली गडद, एकरंगी पृष्ठभाग असावा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती प्रामाणिक माणसांना फार गोत्यात आणते. पुष्कळ जण स्वतःला सोयीचं म्हणून ओळखपत्राचा जुना फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडतात आणि फोनने त्याचा फोटो काढतात. किंवा कुणाला संदेशातून पाठवलेला फोटो उतरवून घेऊन चढवतात. पहिल्यात पडद्याच्या बिंदूंमुळे लाटांसारखी नक्षी उमटते आणि ‘मूळ कागद समोर नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष बरोबरच असतो, हेतू मात्र वाईट नसतो. दुसऱ्यात संदेशाच्या अॅपने फोटो दाबून लहान केलेला असतो आणि बारीक अक्षरं विरघळलेली असतात. छायाप्रतीही याच कारणासाठी चालत नाही. ‘मूळ ओळखपत्र हातात घेऊन आत्ताच फोटो काढा’ हे वाक्य तुमच्या सूचनांत सगळ्यात वर हवं.

फोटो चढवण्याआधी माणसाने स्वतःच तो तपासावा यासाठी एक सोपी खूण देता येते. फोटो मोठा करून तळाच्या वरच्या ओळीतली प्रत्येक `<` वेगळी दिसते का ते पाहायचं. माणसाच्या डोळ्याला जिथे दोन खुणांचा एक धब्बा दिसतो, तिथे यंत्रही अडखळणार.

आता खऱ्याखुऱ्या न जुळणाऱ्या नावांकडे येतो. फोटो निर्दोष, वाचन निर्दोष, तरीही तुलना फसते, असे अर्जही भरपूर असतात. त्यांतही बहुतेकदा माणूस खोटं बोलत नसतो. रोजच्या वापरात मधलं नाव कोणी लिहीत नाही, म्हणून तो अर्जात `Anna Eriksson` एवढंच लिहितो आणि कागदावर `ANNA MARIA` असतं. कोणी मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर लिहितं. कुणाचं नाव इतकं लांब असतं की पासपोर्टाच्या तळाच्या ओळीत नावासाठी असलेल्या ३९ जागांत ते मावत नाही आणि नियमानुसारच कापलं जातं. त्या माणसाने पूर्ण नाव लिहिलं तर ते कापलेल्या नावाशी जुळत नाही, आणि कापलेलं लिहायला त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ज्यांना एकच नाव आहे त्यांचे हाल सगळ्यांत वाईट. अशा लोकांच्या पासपोर्टात ते नाव मुख्य नावाच्या जागी असतं आणि पुढे केवळ भरणीच्या खुणा असतात. तुमच्या अर्जात मात्र दोन्ही रकाने सक्तीचे. मग माणूस तेच नाव दोनदा लिहितो, किंवा दुसऱ्या रकान्यात टिंब देतो, आणि तिसऱ्या दाराशी अडतो. दुसरा रकाना रिकामा ठेवायची मुभा द्या. वर चकाकीने बिघडलेली जी ओळ दाखवली, तीही यंत्राला अशाच माणसाची वाटते हे लक्षात ठेवा. म्हणूनच पानावरच्या छापील नावाशी पडताळा घ्यायचा आग्रह मी धरतो आहे.

तिसरं कारण लिपीचं. तळाच्या ओळींत फक्त `A` ते `Z` ही अक्षरं, आकडे आणि `<` एवढंच चालतं. त्यामुळे `Müller` या आडनावाचं तिथे `MUELLER` होऊ शकतं. अवतरणासारखी खूण गळते, म्हणजे `O'Neil` चं `ONEIL` होतं. जोडरेषेच्या जागी `<` येतो. एकाच पानावर एकाच माणसाच्या नावाची दोन रूपं असतात आणि दोन्ही अधिकृत असतात. तुम्ही त्यांपैकी एकच रूप प्रमाण धरलंत, तर दुसरं लिहिणारा विनाकारण नापास होतो. देवनागरी, अरबी किंवा सिरिलिक लिपीतली नावं रोमन अक्षरांत लिहिताना तर एका कागदावर एक वर्णलेखन आणि दुसऱ्यावर वेगळं, हे सर्रास घडतं. काही वेळा फरक डोळ्यांना दिसतही नाही. फोनच्या कीबोर्डाने सुचवलेला शब्द निवडला की त्याच्यामागे एक मोकळी जागा आपोआप पडते. सरळ अवतरणचिन्हाऐवजी वळणदार चिन्ह येतं. तुलना करण्याआधी असल्या गोष्टी पुसून टाकणं हे तुमचं काम आहे, अर्जदाराचं नाही.

मला ठाऊक आहे की तुलना सैल केली की लबाडांनाही वाट मिळते, आणि ही भीती खोटी नाही. ‘एका अक्षराचा फरक चालेल’ असा सरसकट नियम मी कधीच सुचवणार नाही. `Anna` आणि `Anne` या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि नाव जितकं लहान तितका एका अक्षराचा फरक मोठा. पण शब्दांचा क्रम बदललेला असणं, मधलं नाव गाळलेलं असणं किंवा कागदावरच्या दोन अधिकृत रूपांपैकी एक लिहिलेलं असणं हे वेगळं आहे. जन्मतारीख जुळते, क्रमांकाचा तपासअंक बरोबर आहे, चेहरा जुळतो, आणि नावात एवढाच फरक आहे, तर तो अर्ज नाकारू नका. ‘ओळखपत्रावर आपलं नाव `ANNA MARIA ERIKSSON` असं दिसतं, खात्यात हेच नोंदवायचं का?’ असा प्रश्न विचारा. त्याहून बरं म्हणजे कागद आधी मागा आणि नाव त्यावरून स्वतः भरून दाखवा. माणसाकडून टाइप करून घ्यायचं, मग कागदाशी ताडायचं आणि चुकला म्हणून परत पाठवायचं, या उलट्या क्रमाने निम्मी भांडणं तयार होतात.

कारण सांगितलं तर लबाड माणूस शिकेल, हा आक्षेपही मी अनेक बैठकींत ऐकला आहे. बनावट कागदाचा संशय असेल तेव्हा तो रास्त आहे. तिथे कारण देऊ नका, प्रकरण माणसाकडे पाठवा. पण ‘उजव्या खालच्या कोपऱ्यावर चकाकी आहे’ किंवा ‘मुदत संपलेली आहे’ हे सांगितल्याने कुणाला बनावट पासपोर्ट करता येत नाही. दोन्ही प्रकारच्या नकारांना एकच गुळमुळीत वाक्य वापरलं की शिक्षा प्रामाणिक माणसालाच होते.

ज्या पासपोर्टांत चिप आहे, तिथे तर नावाचं हे सगळं प्रकरण टाळता येतं. मूळच्या पद्धतीत चिप उघडण्यासाठी पासपोर्टाचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख, अशा तीनच गोष्टी लागतात. तिन्हींना तपासअंक आहे, म्हणजे ज्या वाचल्या की खात्री करता येते त्याच. नावाची गरज किल्लीसाठी नसतेच. चिप उघडली की तळाच्या त्या दोन ओळी आतून जशाच्या तशा मिळतात, चकाकीचा प्रश्न उरत नाही, आणि देणाऱ्या देशाची डिजिटल सही तपासली की मजकुरात फेरफार झालेला नाही हेही कळतं. ज्यांच्या फोनला चिप वाचता येते त्यांना हा पर्याय फोटो नापास झाल्यावर तरी द्या. मात्र तो एकमेव मार्ग करू नका, कारण सगळ्या फोनना ते जमत नाही आणि सगळ्या ओळखपत्रांत चिप नसते.

शेवटची मागणी फेऱ्यांच्या मोजणीची. वाचता न आलेला फोटो हा अयशस्वी प्रयत्न म्हणून मोजू नका. त्यात माणसाने कुठलाच दावा केलेला नसतो, फक्त उजेड चुकलेला असतो. आणि प्रकरण फेरतपासणीला गेलं की तपासणाऱ्याला निकालाबरोबर तीन गोष्टी शेजारी शेजारी दाखवा: अर्जात भरलेलं नाव, पानावरून वाचलेलं नाव आणि तळाच्या ओळीतून वाचलेलं नाव, ज्या पट्टीतून ते वाचलं तिच्या मोठ्या केलेल्या चित्रासह. आमच्या पडद्यावर फक्त ‘नाव: जुळत नाही’ असं लाल अक्षरांत यायचं. ज्याने पट्टी स्वतः उघडून पाहिली, त्याला `<` च्या जागी बसलेला `K` दिसायचा. समोर अर्जांची रांग असताना ती उघडायची सवड प्रत्येकाला मिळत नसे.

आपला,
ओळखपत्र फेरतपासणीचा एक माजी कर्मचारी